नाकाची सावली बघा

मीटिंगमध्ये कुणाचा तरी चेहरा काळवंडलेला आणि पाठीमागची खिडकी मात्र लखलखीत, हे दृश्य आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. अशा वेळी माणूस उठून खोलीतला आणखी एक दिवा लावतो आणि काहीच फरक पडत नाही. पडणार तरी कसा? अडचण उजेड कमी असण्याची नसतेच. साधा वेबकॅम चौकटीत जे काही दिसतं त्या सगळ्याचा मिळून अंदाज घेतो आणि चित्र उजळ ठेवायचं की गडद, ते ठरवतो. चौकटीत दिवसाचं आकाश आलं की तो सगळंच चित्र गडद करतो आणि त्यात चेहराही बुडतो. काही कॅमेरे चेहरा ओळखून तेवढा उजळवतात, पण मग खिडकी पांढरीफटक होते आणि केसांच्या कडा तिच्यात विरून जातात.

एक घर डोळ्यांसमोर आणू. डोंबिवलीतला वन बीएचके, दहा बाय बाराची खोली, टेबल भिंतीला लावलेलं. खिडकी डाव्या हाताला, ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर उंच. घरातल्या मुलीची नोकरीसाठीची ऑनलाइन मुलाखत संध्याकाळी पाचला आहे, महिना डिसेंबरचा. तिला चष्मा आहे, आणि दहा इंची रिंग लाइट घरात आधीच आलेला आहे.

या खोलीत दुपारी कॅमेरा सुरू केला तर चेहऱ्याची डावी बाजू उजळ आणि उजवी बाजू अंधारात दिसेल. मधोमध नाकाची सावली पडलेली असेल. माझ्या मते चेहऱ्यावरच्या उजेडाबद्दल जे काही कळायचं ते या एका सावलीवरून कळतं. तिची कड चाकूने कापल्यासारखी असेल तर उजेड लहान जागेतून येतो आहे. कड हळूहळू विरत गेली असेल तर तो मोठ्या जागेतून येतो आहे. लहानशा बल्बचा उजेड एकाच दिशेने येतो, त्यामुळे नाकाने तो अडवला की पलीकडे अंधार होतो. चार फुटी खिडकीतून येणारा उजेड नाकाच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून पोचतो. म्हणून चेहरा सहज दिसायला दिवा किती वॅटचा आहे यापेक्षा उजेड किती मोठ्या पृष्ठभागावरून येतो, याला जास्त महत्त्व आहे.

तेव्हा पहिलं काम टेबल फिरवण्याचं. खिडकी अगदी समोर किंवा किंचित तिरकी, दोन-तीन फुटांवर यायला हवी. अगदी समोर आली तर दोन्ही गाल सारखे उजळतात, पण चेहरा थोडा सपाट वाटतो. तिरकी ठेवली तर एका गालावर हलकी छाया राहते आणि चेहऱ्याला उठाव येतो; मला स्वतःला हेच आवडतं. टेबल हलवायला जागाच नसेल तर अंधाऱ्या गालाच्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करावा. खिडकीचा उजेड त्यावरून उलटून त्या गालावर येतो. लाल किंवा हिरव्या भिंतीचं मात्र जपून, कारण तिच्यावरून उलटणारा उजेड तिचाच रंग घेऊन येतो. खिडकीच्या ग्रिलमध्ये वाळत घातलेल्या रंगीत चादरीही हेच करतात. थेट ऊन आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा लावावा. मग उजेडाचा उगम सूर्य न राहता अख्खा पडदा होतो.

पण पाचची मुलाखत लांबली तर साडेपाचपासून खिडकी साथ सोडू लागेल, कारण डिसेंबरात मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून रिंग लाइट लागणारच.

या गोल दिव्याचं मूळ दाताच्या दवाखान्यात आहे. 1952 च्या सुमारास लेस्टर डाइन यांनी दातांचे फोटो काढण्यासाठी लेन्सभोवती बसणारा गोल फ्लॅश तयार केला. तोंडाच्या आत कुठलाही कोपरा अंधारात राहू नये म्हणून उजेड चारही बाजूंनी यायला हवा होता. त्यासाठी कॅमेरा कड्याच्या मधोमध असावा लागतो. मोबाइल असा ठेवता येतो, लॅपटॉप येत नाही. त्यामुळे लॅपटॉपच्या शेजारी टेबलावर ठेवलेला रिंग लाइट म्हणजे एक साधा लहान दिवाच, आणि तो खालून लागला तर हनुवटी, नाकपुड्या आणि भुवयांच्या वर भुताच्या नाटकातल्यासारख्या छाया उमटतात.

तो स्क्रीनच्या मागे, डोळ्यांपेक्षा वीतभर उंच, किंचित खाली झुकवून ठेवावा. आता अंतर. बाजूने एक फुटावर ठेवला तर जवळचा गाल बारा इंचांवर आणि पलीकडचा साधारण अठरा इंचांवर येतो. अंतर वाढलं की उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे जवळच्या गालाला सव्वादोन पट उजेड मिळतो. तोच दिवा चार फुटांवर नेला तर हा फरक पाव पटीच्या आसपास उरतो. पण लांब नेलेलं दहा इंचांचं कडं चेहऱ्याला लहानच दिसतं, आणि नाकाची सावली पुन्हा धारदार होते. जवळ ठेवावा तर एक गाल भगभगतो, लांब न्यावा तर सावली टोचते.

यातून सुटायची युक्ती सोपी आहे, पण कुणी करत नाही. दिव्याचं तोंड आपल्याकडे नको, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे करावं. मग ती भिंतच चार-पाच फुटांचा दिवा होते. उजेड बराच कमी होतो, म्हणून दिवा पूर्ण क्षमतेवर लावावा लागतो, पण चेहऱ्यावर तो खिडकीच्या उजेडासारखा पसरतो. मुलीच्या चष्म्याचाही प्रश्न बहुतेक इथेच मिटतो. समोरून लावलेल्या दिव्याची दोन गोल कडी काचांत दिसतात आणि डोळे हरवतात. भिंतीवरून आलेल्या उजेडाची कडी उमटत नाहीत, फार तर फिकट चमक राहते. भिंत नसेल आणि दिवा समोरच ठेवावा लागत असेल, तर तो आणखी वर आणि बाजूला सरकवावा. चष्म्याच्या काड्या कानांवर जरा उचलल्या की काचा खाली झुकतात आणि कडी कॅमेऱ्याच्या दृष्टीतून निघून जातात.

रंगाचं एवढंच सांगतो. खिडकीचा उजेड निळसर पांढरा, आणि रिंग लाइटला बहुधा पिवळा, मधला व पांढरा असे तीन पर्याय असतात. खिडकी उजेड देत असताना पिवळा लावला तर एक गाल हळदीचा आणि एक निळा होतो. कॅमेरा दोन्ही एकदम सुधारू शकत नाही. म्हणून पांढराच ठेवावा आणि पाठीमागची ट्यूब बंद करावी.

चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये विजेची वारंवारता 60 हर्ट्झ आहे का ते पाहा. भारतात ती 50 लागते. तरीही पट्टे राहिले तर दिवा मंद करणारं बटण कारण असू शकतं. स्वस्त एलईडी मंद करताना प्रत्यक्षात वेगाने उघडझाप करतात. तो पूर्ण लावून भिंतीकडे वळवला की हा त्रासही बहुधा जातो.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच कपड्यांत कॅमेरा सुरू करून पाहा. पांढराशुभ्र शर्ट चौकटीत आला तरी कॅमेरा चेहरा गडद करतो, हे तेव्हाच कळेल आणि शर्ट बदलायला रात्र हाताशी असेल.