आधी आकार, मग रंग, शेवटी चित्र

शिकाऊ परवान्याच्या तयारीसाठी मिळणाऱ्या तक्त्यात सायकलचे चित्र चार ठिकाणी सापडते. लाल काठाच्या त्रिकोणात सायकल असेल तर पुढे सायकलस्वार रस्ता ओलांडतात, जपून चालवा. लाल कड्याच्या गोलात सायकलवर तिरकी लाल रेघ मारलेली असेल तर सायकलींना इथे मनाई आहे. निळ्या गोलात पांढरी सायकल असेल तर ही वाट सायकलींसाठीच आहे. आणि निळ्या पाटीवर वाहनतळाच्या अक्षराबरोबर सायकल असेल तर इथे सायकली उभ्या करायची सोय आहे. चित्र एकच, पण अर्थ चार. म्हणून तक्ता पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत पाठ करणाऱ्याची परीक्षेत गडबड होते. त्याने सायकल लक्षात ठेवलेली असते, तिच्याभोवतीची चौकट ठेवलेली नसते.

खरे तर चौकटच आधी वाचायची असते. मोटार वाहन कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत चिन्हांचे तीन गट आहेत : आदेश देणारी, सावध करणारी आणि माहिती देणारी. गोल म्हणजे आदेश, टोक वर असलेला त्रिकोण म्हणजे सावधगिरी, चौकोनी किंवा आयताकृती पाटी म्हणजे माहिती. ही वाटणी केवळ सोयीसाठी नाही. याच कायद्याच्या कलम 119 नुसार आदेश देणारे चिन्ह पाळणे चालकावर बंधनकारक आहे. गोल पाटी मोडली की तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. त्रिकोण पुढचा धोका सांगतो आणि वेग किती कमी करायचा हे चालकावर सोपवतो. आयत फक्त कळवतो : पेट्रोल पंप इथे आहे, दवाखाना तिथे आहे.

पाठ करायला बसताना तक्त्यातली चित्रे कापून त्यांची पत्त्यांसारखी कार्डे करावीत आणि नावे न वाचता फक्त आकाराप्रमाणे त्यांचे तीन ढीग लावावेत. हे झाले की निम्मे काम उरकते. दोन कार्डे मात्र कुठल्याच ढिगात बसत नाहीत : लाल अष्टकोनातले ‘थांबा’ आणि टोक खाली केलेल्या त्रिकोणातले ‘रस्ता द्या’. ही दोन्ही आदेशाचीच चिन्हे आहेत, पण त्यांचा आकार मुद्दाम वेगळा ठेवला आहे. पाटीवर चिखल उडालेला असो, अक्षरे पुसलेली असोत, किंवा तुम्हाला पाटीची फक्त मागची बाजू दिसत असो, अष्टकोन ओळखू येतो. चौकात दुसऱ्या रस्त्याने येणाऱ्याला थांबायचे आहे हे तुम्हाला मागूनही कळते. ही दोन कार्डे बाजूला काढून आधीच पक्की करावीत.

आता गोलांचा ढीग घ्या. इथे रंग कामाला येतो. लाल कडे म्हणजे नकार किंवा मर्यादा, पूर्ण निळा गोल म्हणजे सक्ती. लाल कड्यांचेही पुन्हा दोन भाग पडतात. चित्रावर तिरकी लाल रेघ असेल तर ती गोष्ट सरसकट बंद : हॉर्न, ओव्हरटेक, यू-टर्न. रेघ नसून आकडा असेल तर त्या आकड्यापर्यंत परवानगी : ताशी 50 किलोमीटर, अमुक टन, अमुक मीटर उंची. उंची आणि रुंदीत गोंधळ होत असेल तर बाणांची टोके पाहावीत. ती वरून-खालून आकड्याकडे येत असतील तर उंची, डावी-उजवीकडून येत असतील तर रुंदी.

परीक्षेत सगळ्यात जास्त फसवणारी जोडी हॉर्नची आहे. एका गोलात हॉर्नवर रेघ आहे, दुसऱ्यात निळ्यावर पांढरा हॉर्न आहे. पहिल्यात हॉर्न वाजवायचा नाही, दुसऱ्यात वाजवायलाच हवा. समोरचे न दिसणाऱ्या वळणावर हे दुसरे चिन्ह शोभते. ‘शांतता पाळा’ हा उपदेश इतका कानावर पडलेला असतो की हॉर्न दिसताच लोक ‘मनाई’वर बोट ठेवतात. रंग पाहून मग बोट उचलायची सवय लागली तर हा गुण हातचा जात नाही.

निळ्या गोलांत एक अपवाद लक्षात ठेवा. निळ्यावर लाल फुली म्हणजे ‘थांबण्यास मनाई’. निळा दिसला म्हणून ही सक्ती समजू नये. लाल रंग आला की नकार, मग पार्श्वभूमी कोणतीही असो.

उदाहरण म्हणून एक प्रश्न सोडवून पाहू. पडद्यावर गोल आहे, लाल कडे आहे, आत डावीकडे वळणारा काळा बाण आणि त्यावर तिरकी लाल रेघ आहे. पर्याय तीन : पुढे डावे वळण आहे, डावीकडे वळणे सक्तीचे, डावीकडे वळण्यास मनाई. पहिला पर्याय आकारामुळेच गळतो, कारण वळणाची सूचना त्रिकोणातून मिळते. दुसरा रंगामुळे गळतो, कारण सक्ती निळ्यात असते. उरला तो तिसरा. बाण डावा की उजवा, हे बघायची वेळही आली नाही. पर्यायांत ‘उजवीकडे वळण्यास मनाई’ही असते तर तेवढ्यापुरते चित्र पाहावे लागले असते.

त्रिकोणांचा ढीग सर्वांत मोठा आहे आणि तिथे आकार-रंगाची युक्ती संपते. सगळ्यांचा काठ लाल, सगळ्यांची चित्रे काळी. इथे चित्रच वाचावे लागते, पण तेही गटाने : वळणे, चौक आणि फाटे, रुंदी-अरुंदी, रस्त्याचा पृष्ठभाग, रस्त्यावर येणारी माणसे-जनावरे, रेल्वे फाटक. पहिल्या तीन गटांसाठी एक नियम फार उपयोगी पडतो : चित्रात तुम्ही तळाशी उभे आहात आणि वर जात आहात. दोन रेघा वर जाताना जवळ आल्या तर रस्ता अरुंद होतो. लांब गेल्या तर रुंद होतो. मध्ये चिंचोळ्या होऊन दोन्ही टोकांना फाकल्या तर अरुंद पूल. नागमोडी रेघ तळापासून आधी ज्या बाजूला वळते, पहिले वळण त्या बाजूचे. चढ-उताराला मात्र हा नियम लावू नये, कारण ते चित्र बाजूने पाहिलेले असते.

रेल्वेची दोन कार्डे शेजारी ठेवूनच शिकावीत. फाटकाचे चित्र असेल तर तिथे फाटक आहे. इंजिनाचे चित्र असेल तर फाटक नाही, गाडी थेट समोर येऊ शकते. सुटे-सुटे पाहिले तर इंजिनाचे चित्र ‘रेल्वे फाटक’ असेच वाटते, आणि चूक नेमकी तिथेच होते.

माहितीच्या पाट्यांवर फार वेळ घालवायची गरज नाही. पंप, दूरध्वनी, उपाहारगृह ही चित्रे स्वतःच बोलतात. महामार्गावरच्या गावे आणि अंतरे सांगणाऱ्या मोठ्या हिरव्या पाट्याही याच कुळातल्या आहेत.

रस्त्यावर मात्र तक्त्यासारखे स्वच्छ रंग मिळतीलच असे नाही. उन्हात लाल रंग लवकर विटतो, निळा त्यामानाने टिकतो. दोनचार उन्हाळे काढलेल्या पाटीवरचे लाल कडे फिकट गुलाबी किंवा जवळजवळ पांढरे झालेले दिसते. पाटी गोल आहे, निळी नाही, आत आकडा आहे, एवढ्यावरून ती मर्यादा आहे हे ठरवता येते. रंग गेला तरी पत्र्याचा आकार जात नाही, म्हणून क्रम आकारापासून सुरू करायचा.

ही आकार-रंगाची भाषा 1968 च्या व्हिएन्ना करारातून आली आहे. त्यामुळे इंग्लंडात किंवा जर्मनीत गाडी चालवणाऱ्या मराठी माणसाला तिथला त्रिकोण आणि गोल ओळखीचे वाटतात. अमेरिकेत मात्र धोक्याची सूचना पिवळ्या पाटीवर असते, आणि ती पाटी टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाची असते. तिकडे जाणाऱ्याने त्रिकोणांचा ढीग या नव्या चौकटीत पुन्हा लावून घ्यावा. अष्टकोन आणि उलटा त्रिकोण ही दोन कार्डे तिथेही आहेत तशी चालतात.