पोट सुटलेली भिंत

सकाळी 6. काटोलकडच्या गावांत मे महिन्यात दगडाचं काम उन्हाच्या आधीच सुरू करावं लागतं. आज काकांच्या आवाराची भिंत आहे. तिचा पाच मीटरचा तुकडा बाहेर फुगला होता, तो पायापर्यंत उतरवला. पाया मुरुमावर आहे आणि पक्का आहे. रोग भिंतीच्या पोटातच होता: बाहेरून एक पडदा, आतून एक पडदा आणि मधे नुसती माती आणि कपच्या. दोन्ही पडदे धरून ठेवणारा दगड एकही नाही. वरून पावसाचं पाणी शिरलं, माती फुगली, खचली आणि पडदे एकमेकांपासून सुटले. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत भूकंपाच्या धक्क्याने अशाच भिंती दुभंगून माणसांवर कोसळल्या.

7 वाजता डबर निवडायला घेतला. भिंत 45 सेंटिमीटर जाडीची, म्हणून तेवढ्या लांबीचे दगड आधी बाजूला काढले. हे आरपार जाणारे दगड. उभ्या अंतरात दर 60 सेंटिमीटरला आणि आडव्या अंतरात जास्तीत जास्त 1.2 मीटरवर एक हवा, म्हणजे आजच्या एका पट्ट्याला चार. आपला काळा दगड तेवढा लांब फुटत नाही, तीनच मिळाले.

"दोन छोटे समोरासमोर लावले तर चालणार नाही का, मिस्त्री?" काकांनी विचारलं.

"नाही काका. मधे सांधा राहिला तर भिंत पुन्हा दोन पडद्यांचीच झाली."

चौथ्यासाठी पाच सेंटिमीटर जाडीची, मधे आठ मिलिमीटरची सळई घातलेली काँक्रीटची पट्टी आणली आहे. गेल्या आठवड्यात ती साच्यात ओतून पाणी देऊन ठेवली होती.

8 ते 11 हा खरा बांधकामाचा वेळ. एक वाटा सिमेंट, सहा वाटे वाळू. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवायचा; आवळलेल्या मालात पाणी घालून तो जिवंत होत नाही. काळा दगड पाणी कमी पितो, म्हणून माल पातळ ठेवला तर दगड घसरतो. दगड धुवून, रुंद बाजू खाली ठेवून मालात दाबायचा आणि हातोडीने ठोकायचा. दगडाला दगड कोरडा टेकू नये, पण दर्जाही दोन सेंटिमीटरच्या वर जाऊ नये. पोकळी मोठी असेल तर आधी मालात चिपा ठोकून बसवायच्या. नुसत्या मालाने भरलेली पोकळी आकसते, तडकते. एकावर एक उभे सांधे येऊ देत नाही. आरपार दगडांच्या दोन्ही तोंडांवर रंगाचा ठिपका देतो. उद्या कोणी मोजायला आलं तर दोन्ही बाजूंनी ठिपके जुळले पाहिजेत.

दुपारी काम बंद. भिंतीवर ओली पोती.

4 वाजता ओळंबा लावला, हातोडीने ठोकून पाहिलं. एका जागी बद्द आवाज आला; तो दगड काढला, खाली माल पोहोचलाच नव्हता. 6 वाजेपर्यंत 60 सेंटिमीटर उंची झाली. टोक सरळ तोडलं नाही, पायऱ्या सोडल्या. दर्जा खरवडल्या. उद्याच्या पट्ट्यात आरपार दगड आजच्या दोन-दोन दगडांच्या मधोमध येतील.