नाव आधी तपासा, पाटी मग रंगवा



गेल्या वर्षी कळंब्यातील चार तरुण कारागीर माझ्याकडे एका वकिलाची नोटीस घेऊन आले. आपल्या चपला थेट गिऱ्हाइकाला विकता याव्यात म्हणून त्यांनी मोबाइलवरचे ॲप करून घेतले होते आणि नाव छापलेली दोन हजार खोकी घरात रचली होती. तेच नाव, एका अक्षराच्या फरकाने, दुसऱ्याने आधीच नोंदविलेले निघाले. खोकी रद्दीत गेली. युनियनच्या कामात मी नोटिसा पुष्कळ वाचल्या आहेत. पण येथे आपल्या मुलांची बाजू लंगडी होती, हे मला कबूल करावे लागले. प्ले स्टोअरवर त्या नावाचे ॲप दिसत नाही, एवढीच चौकशी त्यांनी केली होती.

नवे नाव शोधताना पहिली सूचना अर्थातच ‘कोल्हापुरी’ अशी आली. पण ह्या शब्दावर एकट्याची मालकी होत नाही. जो शब्द केवळ मालाचा प्रकार किंवा गाव सांगतो, तो १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे सहसा नोंदला जात नाही. शिवाय कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांचे सामाईक आहे. ‘पायताण’ हा शब्द गोड खरा, पण त्याचा अर्थच चप्पल. तेव्हा चपलेशी संबंध नसलेला शब्द घ्यावा, असे ठरले. समजा, तळ्याकाठची ‘टिटवी’ आपण निवडली. आता ती कशी तपासावयाची ते पाहू.

पहिली तपासणी व्यापारचिन्हाची. ipindia.gov.in ह्या सरकारी संकेतस्थळावर हा शोध फुकट घेता येतो. तेथे Wordmark ह्या शोधात अक्षरे जुळतात, तर Phonetic ह्या शोधात उच्चार जुळतो. दोन्ही करावे, कारण आपला शब्द रोमी अक्षरांत titvi, titwi, titavi असा कसाही लिहिला जातो, आणि कायदा कानाला होणारा गोंधळही मोजतो. शोध वर्गवार असतो: पादत्राणे वर्ग २५, विक्रीचा व्यवहार वर्ग ३५, आणि उतरवून घ्यावयाचे ॲप वर्ग ९. आमच्या मुलांनी कोणताच वर्ग पाहिला नव्हता. एखादा केवळ ९ पाहून थांबतो आणि पंचविसात अडकतो. सापडलेल्या नावापुढे Registered असेल तर ते सोडून द्यावे. Abandoned असले तरी तो मनुष्य अजून त्याच नावाने धंदा करतो का, हे पाहावे. नोंदणी नसलेला, पण आधीपासून नाव वापरणारा दुकानदारही कायद्याने आपल्याला अडवू शकतो, आणि तो ह्या यादीत दिसत नाही. म्हणून बाजारातही विचारावे.

दुसरी तपासणी ॲपच्या दुकानांची. ॲपलच्या दुकानात दुसऱ्याने घेतलेले नाव जसेच्या तसे मिळत नाही. गूगलच्या दुकानात एकाच नावाची दोन ॲप असू शकतात. म्हणून तेथे नाव ‘मोकळे’ दिसले, किंवा ते स्वीकारले गेले, ह्यावरून हक्क सिद्ध होत नाही. दोन्हीकडे नावाला तीस अक्षरांची मर्यादा आहे. गूगलकडे ॲपला in.titvi.chappal असे एक आतले नावही द्यावे लागते आणि प्रसिद्ध झाल्यावर ते बदलत नाही. पाटी बदलता येते. ही खूण जन्माची राहते.

तिसरी तपासणी titvi.in अशा पत्त्याची. पत्ता देणारा ‘आधी येईल त्याला’ ह्या न्यायाने देतो. व्यापारचिन्ह तपासत नाही. ह्यात लोक फसतात. सत्यम इन्फोवे ह्या कंपनीचे sify हे नाव १९९९ पासून चालू होते. पुढे दुसऱ्या कंपनीने siffynet.com हा पत्ता रीतसर नोंदवून घेतला. एक f जास्त होता, पण वाचताना फरक कोठे उरतो? सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली पहिल्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि पत्त्यालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे ठरविले. पत्ता विकत घेतल्याची पावती दुसऱ्या कंपनीला वाचवू शकली नाही.

ह्या तिन्ही तपासण्या एकाच दिवशी कराव्यात, आणि नाव तिन्हीकडे टिकले तर त्याच दिवशी पत्ता घ्यावा. तो स्वस्त असतो, आणि उद्या दुसरा कोणी घेईल. मग व्यापारचिन्हाचा अर्ज करावा. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जास दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडते. अर्ज मान्य होऊन जर्नलमध्ये छापला गेला की कोणालाही चार महिने हरकत घेता येते, म्हणून अर्जाची पावती म्हणजे नोंदणी समजू नये.

ह्या वेळी मुलांनी तीन नावे काढली होती. दोन पहिल्या तपासणीतच गळाली. त्यात एक संध्याकाळ गेली. पहिल्या वेळी दोन हजार खोकी गेली होती. चित्रकाराला त्यांनी तिसऱ्या नावाचा अर्ज दाखल झाल्यावरच बोलावले, आणि खोकी या खेपेस शंभरच छापली.