टिकली लावणाऱ्याला विचारायचे प्रश्न

पुण्याच्या कसबा पेठेत नकाशा पसरायचा, तर पहिली अडचण येते ती नकाशाचीच. मोबाइलवर दिसणारा नकाशा छापून आणला, तर त्यात रस्ते असतात, दुकाने असतात, पण बोळ नसतात. दोन वाड्यांच्या मधून जाणारी पायवाट, मागच्या अंगणात उघडणारे दार, गल्लीच्या तोंडाशी असलेले छोटे देऊळ हे त्यात सापडत नाही आणि पेठेतला माणूस पहिल्याच मिनिटाला म्हणतो, "ही आमची पेठ नव्हे." म्हणून लोकसहभागाच्या नकाशा-कार्यशाळेची खरी तयारी नगर भूमापन कार्यालयात सुरू होते. सिटी सर्व्हेच्या नकाशावर प्रत्येक मिळकतीची हद्द आणि नंबर असतो. तो १:५०० या प्रमाणात छापला की कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. पंधरा मीटर दर्शनी भागाचा वाडा तीन सेंटीमीटरचा होतो. त्यावर एक टिकली आणि शेजारी आकडा नीट मावतो. ए-झीरो आकाराच्या एका कागदात साधारण ४२० बाय ५९५ मीटरचा परिसर बसतो. म्हणजे पूर्ण पेठेचा हट्ट सोडून तांबट आळी आणि तिच्या आजूबाजूच्या गल्ल्या घ्याव्यात, हे बरे.

टिकली हा शब्द अलंकारिक नाही. कपाळावर लावायच्या टिकल्यांची पाकिटे यासाठी उत्तम. स्वस्त असतात, रंगांत मिळतात, चुकीच्या जागी लागली तर उचलून दुसरीकडे लावता येते. हिरवी जिव्हाळ्याच्या जागेला, पिवळी गोष्टीला, लाल धोक्याला. नकाशावर बटर पेपर अंथरायचा आणि टिकल्या त्यावर लावायच्या, म्हणजे मूळ कागद पुढच्या टेबलाला वापरता येतो.

टेबल मांडताना नकाशाची उत्तर आणि खरी उत्तर एका रेषेत आणावी लागते. नाहीतर मुठा नदी डोळ्यांसमोर एकीकडे आणि कागदावर दुसरीकडे, आणि आजोबा अर्धा तास मान वळवत बसतात. पहिले काम सगळ्यांना एकच: आपले घर शोधा. घर सापडले की बोट आपोआप देवळाकडे, शाळेकडे, पिठाच्या गिरणीकडे सरकते. एका टेबलाला सहा-सात माणसे पुरे. बायका, शाळकरी मुले, भाडेकरू आणि वाड्याचे मालक यांची टेबले वेगळी ठेवावी लागतात. सगळे एकत्र बसले की मंडळाचा कार्यकर्ता बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

मग टिकल्या पडू लागतात आणि इथे अननुभवी संयोजक खूश होऊन गप्प बसतो. तासाभरात नकाशा रंगीबेरंगी होतो, फोटो छान येतो आणि हाती काहीच लागत नाही. टिकलीला आकडा द्यायचा, त्याच आकड्याचे कार्ड भरायचे आणि लावणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे: तुम्ही स्वतः पाहिलंत की ऐकलंत? ऐकलं असेल तर कोणाकडून? आणि केव्हाचं? कार्यशाळेचे मोल या तीन प्रश्नांत आहे. टिकल्या केवळ त्यांचे निमित्त.

पानशेतच्या पुराचे उदाहरण घ्या. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. तेव्हा आठ-दहा वर्षांचे असलेले लोक आज सत्तरी ओलांडून बसले आहेत. कसब्यात कुठेही नकाशा पसरा, पिवळी टिकली पुरावर पडतेच. एका बैठकीत तीन ज्येष्ठांनी एकमेकांजवळच्या तीन जागा दाखवल्या. खालच्या गल्लीतल्या आजी म्हणाल्या, भिंतीवर पुरुषभर पाणी. वरच्या गल्लीतले काका म्हणाले, कमरेइतके. तिसऱ्यांचे घर खालच्याच गल्लीत. ते म्हणाले, छे, गुडघाभर होते, मी स्वतः त्यातून चाललो.

स्मरणशक्तीची परीक्षा घेण्याचा साधा मार्ग आहे. पुराचे पाणी जवळजवळच्या गल्ल्यांत जवळपास एकाच पातळीला उभे राहते. म्हणून गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन माणसे बाहेर पडली. एक टोक आजींच्या भिंतीवरच्या खुणेला, दुसरे वरच्या गल्लीत. नळीतले पाणी तिथे कमरेच्या आसपास थांबले. म्हणजे आजी आणि काका, दोघांच्या आठवणी एकमेकींना धरून होत्या. गुडघाभर पाणी मात्र कशातच बसेना. त्या आजोबांना खोटे ठरवण्याऐवजी तिसरा प्रश्न पुन्हा विचारला: केव्हा? तेव्हा कळले की सकाळी घरच्यांनी त्यांना उंचावरच्या नातेवाइकांकडे नेले होते आणि ते परतले ते पाणी ओसरताना. आठवण खरी होती, फक्त वेळ वेगळी होती. कार्डावर वेळ लिहिली गेली आणि तिन्ही टिकल्या राहिल्या.

जागेला कडा असतात, आवाजाला नसतात. तांबट आळीतले कारागीर बंब, हंडे, पातेली घडवतात आणि शेवटी भांडे मठारतात, म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके देतात. त्याने तांबे कठीण होते आणि अंगावर त्या खळ्यांची चमक येते. ती ठकठक अनेकांना आळीची ओळख वाटते. ती टिकलीने कशी दाखवणार? इथे टिकली सोडून पेन्सिल घ्यायची आणि विचारायचे, आवाज कुठपर्यंत ऐकू येतो? प्रत्येकाने काढलेली रेषा एकावर एक ठेवली की पट्टा तयार होतो. त्याच पट्ट्यात भाडेकरूंच्या टेबलाने लाल टिकली लावली होती, कारण दुपारी मुलाला झोप लागत नाही. ती काढून टाकण्याचा मोह संयोजकाला होतो. काढू नये. उद्या आळीत नवी इमारत उभी राहिली आणि वरच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार गेली, तर कारागिरांना होणारा त्रास याच लाल टिकलीत आधी दिसला असेल.

लाल टिकल्यांबाबत सगळ्यात जास्त ढिलाई होते. "वाडा जाणार" असे कार्ड कुचकामी. छत गळते म्हणून जाणार, की मालक-भाडेकरूंचा दावा चालू आहे म्हणून, की महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली म्हणून, की विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा अंगणातून जाते म्हणून? पहिल्याला कौलारू काम करणारा मिस्त्री लागतो, दुसऱ्याला वकील, तिसऱ्याला इमारत तपासणारा अभियंता. चौथ्याला आराखडा जाहीर झाल्यावर हरकत घ्यावी लागते. तशी संधी १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात आहे, पण ठराविक मुदतीतच. म्हणून धोका नेहमी पूर्ण वाक्यात लिहायचा: कोण, काय करणार, केव्हा, आणि हे कशावरून.

आणि हा थर भिंतीवर टांगायचा नाही. कोणत्या वाड्याचा मालक थकला आहे, कोणाचे भाडेकरू विखुरले आहेत, हे सांगणारा नकाशा बिल्डरला आयताच हवा असतो. हिरवे-पिवळे थर सर्वांना, लाल थर मिळकतीचा नंबर न लिहिता, गल्लीच्या पातळीवर. ज्याने माहिती दिली, त्याने ती मागे घ्यायची म्हटली तर कार्ड परत द्यायचे.

घरी आल्यावर कागदाचा फोटो काढून तो QGIS मध्ये चढवतात. चौक, देवळाचा कोपरा अशा चार पक्क्या खुणा जुळवल्या की बाकीचे बसते. पाचवी खूण चाचणीला ठेवायची. ती दहा मीटर सरकलेली दिसली, तर टिकल्या शेजारच्या वाड्यांवर गेल्या आहेत, असे समजून पुन्हा सुरुवात करावी. हे काम दोन दिवसांचे. लोकांसमोर छापील नकाशा परत नेणे हे खरे कठीण, कारण तोवर संयोजकाचा उत्साह आणि पैसे दोन्ही संपलेले असतात. पण पडताळणीच्या त्या दुसऱ्या बैठकीत माणसे पहिल्या दिवसापेक्षा जास्त बोलतात. साततोटी चौकातल्या तोट्या नेमक्या कुठे होत्या, यावर पहिल्या दिवशी दोन टेबलांनी दोन जागा दाखवल्या होत्या. दुसऱ्या बैठकीत त्यावर वाद झाला, निकाल लागला नाही आणि नकाशावर दोन्ही जागा प्रश्नचिन्हासह छापल्या गेल्या. ते योग्यच झाले.

या नकाशाला कायद्याची मान्यता नाही. त्याने वाडा वारसा यादीत जात नाही, पाडकाम थांबत नाही. हरकतीच्या अर्जाला जोडायला तो चांगला कागद आहे, तोही कार्डे नीट भरलेली असतील तर. तुमच्या आळीत असे काही करणार असाल, तर पहिल्या बैठकीचे निमंत्रण छापतानाच त्यावर दुसऱ्या बैठकीची तारीख छापा.