चिपळूणचा वारा दिवसातून दोनदा कूस बदलतो

चिपळूणला पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र आणि मधे वाशिष्ठीचं खोरं. त्यामुळे इथे दोन वेगळी चक्रं एकाच दिशेने जोर लावतात.

ऊन चढलं की डोंगरउतार तापतात. उताराला लागून असलेली हवा त्याच उंचीवरच्या, दरीच्या मधोमध असलेल्या हवेपेक्षा जास्त गरम होते आणि वर सरकते. तिची जागा घ्यायला खालची हवा खोऱ्यातून वर येते. हे झाले दरीय वारे. दुपारी समुद्रावरचे खारे वारे त्यांनाच येऊन मिळतात. दोघांचा रोख कुंभार्ली घाटाकडे!

रात्री सगळं उलट. उतार झपाट्याने थंड होतात, जड झालेली हवा ओढ्या-वहाळांच्या वाटेने खाली घरंगळते. पुढे समुद्राकडे जाणारे मतलई वारे. मात्र हा रात्रीचा वारा दुपारच्या मानाने मवाळच असतो, आणि थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते. म्हणून हिवाळ्यात पहाटे नदीकाठी धुकं आणि वर टेकडीवर त्यामानाने ऊब. संध्याकाळी पेटवलेल्या कचऱ्याचा धूरही तळाशीच रेंगाळतो.

हे बघायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, निरभ्र दिवशी. आभाळ असेल तर जमीन नीट थंड होत नाही, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यापुढे या स्थानिक वाऱ्यांचं काही चालत नाही. पहाटे आणि दुपारी तीनला अंगणात उदबत्ती लावा, धुराची दिशा बघा आणि कमेंटमध्ये गावासकट कळवा.