शून्य येऊच शकत नाही, तरी शून्य आले

बारावीच्या इंटिग्रेशनमधले एक साधे दिसणारे गणित घेऊ. y = 1/(1 + sin²x) हा आलेख काढायचा आणि x = 0 पासून x = π पर्यंत त्याच्याखाली किती क्षेत्रफळ आहे ते सांगायचे. सरावलेला विद्यार्थी t = tan x असे मानतो, चार ओळी लिहितो आणि उत्तर काढतो: शून्य.

वही मिटण्याआधी आलेखाकडे एकदा पाहावे. sin²x हे 0 ते 1 यांच्यामध्येच राहते, म्हणजे छेद 1 ते 2 यांच्यामध्ये. त्यामुळे आलेखाची उंची कुठेही अर्ध्याच्या खाली जात नाही आणि 1 च्या वर चढत नाही. रुंदी π, म्हणजे सुमारे 3.14. तेव्हा क्षेत्रफळ 1.57 ते 3.14 यांच्या दरम्यानच असायला हवे. शून्याला इथे जागाच नाही.

मग चूक कुठे झाली? t = tan x घेतले की sin²x = t²/(1 + t²) आणि dx = dt/(1 + t²). आकडेमोड केल्यावर 1/(1 + 2t²) उरते आणि त्यातून हे सूत्र मिळते:

F(x) = (1/√2) arctan(√2 tan x)

इथवरची एकही पायरी चुकलेली नाही. सूत्राचे डेरिव्हेटिव्ह काढून पाहा, मूळ फलन परत मिळते. म्हणून ताळा केला तरी शंका येत नाही. घोटाळा होतो तो मर्यादा घालताना. tan 0 शून्य आणि tan π सुद्धा शून्य, म्हणून F(π) − F(0) शून्य.

पण 0 पासून π कडे जाताना वाटेत π/2, म्हणजे 90 अंश लागतात. तिथे tan x ला किंमतच नाही. 90 च्या अलीकडे ते वाढत वाढत अनंताकडे जाते आणि पलीकडे उणे अनंताकडून परत वर येते. म्हणजे t शून्यापासून निघून शून्यावर आला हे खरे, पण मधला रस्ता तुटलेला आहे. आकड्यांत पाहू. 89 अंशांवर F ची किंमत 1.102 आहे आणि 91 अंशांवर ती −1.102 आहे. खरे पाहता या दोन अंशांत क्षेत्रफळात जेमतेम 0.0175 ची भर पडायला हवी होती.

जुन्या मोटारसायकलचा किलोमीटरचा काटा आठवा. 99999 नंतर तो 00000 दाखवतो. गाडी मागे गेलेली नसते, काट्याचे आकडे संपलेले असतात. arctan चेही तसेच आहे. ते −90 ते +90 अंश यांच्यामधलाच कोन सांगते. खरा कोन पुढे सरकत राहतो, सूत्र मात्र 90 ओलांडताच 180 अंश मागे उडी मारते. π ला √2 ने भागले की ही उडी येते π/√2, म्हणजे 2.2214. नेमके तेवढेच आपले क्षेत्रफळ हरवले होते.

दुरुस्ती सोपी आहे. जिथे tan तुटते तिथेच संकलनही तोडायचे. 0 ते π/2 या भागात F शून्यापासून π/(2√2) पर्यंत चढते, म्हणजे 1.1107. π/2 ते π या भागात ते −1.1107 पासून शून्यापर्यंत चढते, म्हणजे पुन्हा तेवढेच. बेरीज π/√2.

पडताळणीसाठी कॅल्क्युलेटरही लागत नाही. 0, 45, 90, 135 आणि 180 अंशांवर उंची अनुक्रमे 1, 2/3, 1/2, 2/3 आणि 1 आहे. टोकाच्या दोन उंची अर्ध्या धरून बेरीज केली आणि π/4 ने गुणले, तर 2.225 येते.

तोडावेच न लागणारे सूत्रही आहे:

F(x) = (1/√2) [x + arctan(sin 2x/(3 + 2√2 − cos 2x))]

इथला छेद कधीच शून्य होत नाही, कारण 3 + 2√2 जवळपास 5.83 आहे आणि cos 2x फार तर 1. म्हणून उडी नाही. x = π घाला, सरळ π/√2 मिळते. संगणकावर गणित सोडवणाऱ्या प्रणालींनाही ही अडचण छळत असे. जेफ्री आणि रिच यांनी 1994 मध्ये अशी सलग सूत्रे कशी मिळवायची यावर शोधनिबंध लिहिला होता.

मर्यादा 0 ते π/4 अशा असत्या, तर पहिलेच सूत्र निर्धास्त वापरता आले असते, कारण वाटेत तूट नाही. t = tan(x/2) घेतले तर तूट x = π वर जाते, म्हणून 0 ते 2π च्या गणितात तिथे थांबावे लागते. tan चे सब्स्टिट्यूशन केले की मर्यादा घालण्याआधी एवढेच पाहा: दोन टोकांच्या मध्ये tan कुठे तुटते का? तुटत असेल तर संकलनाचे तिथेच दोन भाग करा.