गॅरेजचं एस्टिमेट ३४ हजारांचं, क्लेम २७ हजारांचा. मधले ७ हजार जातात कुठे?

अपघातानंतर गॅरेज एस्टिमेट देतं आणि तेवढे पैसे विमा कंपनी देईल, असं अनेकांना वाटतं. मात्र एस्टिमेट हा फक्त खर्चाचा अंदाज असतो. नुकसानीची रक्कम ठरते ती सर्व्हेअरच्या अहवालात, आणि त्यात सर्वात मोठी कात्री लावतो तो घसारा.

घसारा कसा लागतो?

जुना भाग काढून नवा बसवला की गाडीमालकाचा फायदा होतो. तो फायदा विमा कंपनी भरून देत नाही. त्यामुळे साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा लागतो. काचेवर घसारा नाही. धातूच्या भागांचा दर गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो. तीन ते चार वर्षांच्या गाडीला तो २५ टक्के आहे. मजुरीवर घसारा नाही.

हिशेब असा होतो

समजा, १,२०० सीसीची गाडी साडेतीन वर्षं जुनी आहे.

- बंपर (प्लास्टिक) ६,००० रुपये: मंजूर ३,०००
- बॉनेट (धातू) ८,००० रुपये: मंजूर ६,०००
- पुढची काच ७,००० रुपये: पूर्ण मंजूर
- पेंटिंग ८,००० रुपये: मंजूर ७,०००
- मजुरी ५,००० रुपये: पूर्ण मंजूर

पेंटिंगच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम रंगाची, म्हणजे मटेरियलची, धरली जाते. इथे ती २,००० होते आणि तिच्यावर ५० टक्के घसारा लागल्याने १,००० कमी होतात. एकूण मंजुरी २८,००० रुपये. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठीची सक्तीची वजावट १,००० रुपये गेली, की हातात २७,००० येतात. बदललेल्या बॉनेटची भंगार किंमतही यातून वजा होऊ शकते.

रक्कम कुठे अडकते?

पहिली अडचण मोघम एस्टिमेटची. 'फ्रंट काम, २१ हजार' असं लिहिलं असेल तर कोणता भाग कशाचा, हे सर्व्हेअरला कळत नाही. म्हणून प्रत्येक भागाची किंमत आणि मजुरी वेगळी लिहून घ्यावी.

दुसरी अडचण 'बदला की दुरुस्त करा' या वादाची. गॅरेजनं नवं बॉनेट लिहिलं, पण ते ठोकून सरळ होत असेल, तर सर्व्हेअर फक्त दुरुस्तीचा खर्च धरतो. ते का होणार नाही, हे फोटोत दिसायला हवं.

तिसरी अडचण आतल्या नुकसानीची. बंपर उघडल्यावर रेडिएटर फुटलेला दिसला, तर काम थांबवून पुरवणी एस्टिमेट द्यावं. तो भाग सर्व्हेअरनं पाहण्याआधी बदलला आणि नंतर नुसती पावती दाखवली, तर नुकसान याच अपघातातलं आहे हे सिद्ध करणं अवघड जातं.

रक्कम कमी वाटली तर?

सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून तो अंतिम बिलाशी ओळीओळीनं जुळवावा. धातूच्या भागाला प्लास्टिकचा दर लागला आहे का, किंवा मजुरीवर घसारा कापला आहे का, ते तपासावं. अशी चूक आढळली तर त्याच ओळीचा उल्लेख करून कंपनीकडे लेखी हरकत घ्यावी. 'झिरो डेप' कव्हर असेल तर भागांवरचा घसारा सहसा कापला जात नाही, पण सक्तीची वजावट तरीही द्यावीच लागते.